दोन व्हेंडर असले तरी उगम एकच असू शकतो

"प्रत्येक पार्टला दोन व्हेंडर ठेवा, महिन्याचा स्टॉक ठेवा, लाइन थांबत नाही. व्हेंडरच्या व्हेंडरचा शोध घेणं हे मोठ्या कंपन्यांचं काम." (वाळूज-शेंद्र्याच्या उद्योजकांत फिरणारा मेसेज)

आधी दोन व्हेंडरांचं बघू. 31 मार्च 2012 ला जर्मनीत मार्ल इथे इव्होनिक कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला, दोन कामगार दगावले. तिथे सीडीटी नावाचं रसायन बनत असे. त्यापासून नायलॉन-12 होतं आणि त्याचे गाड्यांचे इंधन आणि ब्रेकचे पाइप. पाइप बनवणारे पुष्कळ होते, पण सीडीटी करणारे कारखाने जगात मोजकेच. एप्रिलमध्ये वाहन कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार एकत्र बसले, ते पर्यायी प्लास्टिकला लवकर मान्यता कशी द्यायची यासाठी.

आता समजा, वाळूजमध्ये कुणी फ्युएल पाइपची असेंब्ली करतो. त्याचा एक व्हेंडर चाकणचा, दुसरा शेंद्र्याचा. दोघांकडून पाइपच्या प्लास्टिक दाण्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागवा. उत्पादकाचं नाव आणि ग्रेड एकच निघाली, तर वाट एकच आहे. नावं वेगळी निघाली तरी थांबू नका. त्या दोघांचा कच्चा माल कोणत्या कारखान्यातून येतो ते विचारा. रेट विचारायचाच नाही, फक्त उत्पादक आणि गाव. एवढं सांगायला व्हेंडर सहसा कचरत नाहीत. उत्तर आलंच नाही, तर ती कडी एकाच कारखान्यावर आहे असं धरून चाला.

स्टॉकचा हिशेब दिवसांत करा. उदाहरणादाखल, आपल्याकडे 30 दिवसांचा माल, व्हेंडरकडे 15, जहाजावर 20, एकूण 65. दुसरी ग्रेड चालवायची तर नमुने, इंधनात भिजवून आणि दाब देऊन चाचण्या, पार्ट मंजुरीसाठीचे पीपीएपी कागद, ग्राहकाची सही, मिळून 180 दिवस धरा. 115 दिवस लाइन बंद. ही तूट नुसत्या स्टॉकने भरायला भांडवल फार अडकतं, आणि रबर-रंगासारख्या मालाला मुदत असते.

हा शोध छोट्यानेच घ्यायला हवा, कारण मोठ्या कंपनीची नजर बहुतेक वेळा आपल्यापाशीच थांबते. दाण्याच्या पोत्यावरचं लेबल आपल्या व्हेंडरच्या गोदामात असतं. सगळे पार्ट घेऊ नका. महागड्यांपासून सुरुवात करणं मला चुकीचं वाटतं, कारण दोन रुपयांच्या सीलनेही लाइन थांबते. ज्यांच्या ड्रॉइंगवर एकाच ग्रेडचं नाव छापलंय, ते आधी घ्या. त्या प्रत्येकासाठी वेगळ्या उगमाची ग्रेड निवडून पीपीएपी आजच करून ठेवा. ग्राहकाला घाई नसताना चाचणीचा खर्च वाटून घ्यायचं बोलता येतं. मंजुरी हातात असली की 180 दिवसांतला मान्यतेचा काळ जातो, उरतो तो फक्त माल मागवण्याचा. ग्रेड किंवा कारखाना बदलला की व्हेंडरने आधी लेखी कळवावं, ही अट परचेस ऑर्डरमध्ये टाका. नाहीतर वर्षभरात दोन्ही ग्रेड पुन्हा एकाच कारखान्यातून येऊ लागतील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.