‘जर–तर’ म्हणजे बरोबरचं चिन्ह नव्हे

“प्रकल्प निवडीच्या गणितात ‘हा घेतला तर तो घ्यावाच लागेल’ असं आलं की सरळ x = y लिहा, उत्तर तेच येतं. आणि ‘दोन्ही घेतले तर तिसरा’ असं आलं की गुणाकार होतो, ते लिनियर राहत नाही, ते गणित सोडून द्या.”

माझी भाची नागपुरात एमबीए करते. परीक्षेला आठ दिवस असताना तिनं हा मेसेज मला पाठवला आणि विचारलं, “मामा, हे बरोबर आहे ना?” तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी तो वहीत उतरवूनही घेतला होता. बरोबर नाही. पहिलं वाक्य तर पैसे बुडवणारं आहे, म्हणून आधी त्याकडेच वळतो.

काटोलकडच्या एका संत्रा व्यावसायिकाकडे १०० लाख आहेत, असं धरू. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. चार प्रकल्प समोर आहेत. रस काढण्याचं युनिट: खर्च ६० लाख, निव्वळ वर्तमान मूल्य २० लाख. शीतगृह: खर्च ४०, मूल्य १४. सोलर पॅनेल: खर्च ३०, मूल्य १५. ग्रेडिंग लाइन: खर्च २५, मूल्य ११. अट एकच, रस युनिट घेतलं तर शीतगृह हवंच, कारण आलेला माल ठेवायला जागा लागते.

प्रत्येक प्रकल्पाला एक चल द्यायचा. प्रकल्प घेतला तर त्याची किंमत १, नाही घेतला तर ०. रस युनिटचा r आणि शीतगृहाचा s घेतला, तर दोघांच्या मिळून चारच शक्यता उरतात. त्यातली नेमकी एक शक्यता आपल्याला नको आहे: रस युनिट आहे, शीतगृह नाही. बाकी तिन्ही चालतात. शीतगृह एकटंही चालतं, बागायतदार भाड्यानं माल ठेवतात. म्हणून अट अशी:

```
r <= s
```

r = 1 आणि s = 0 ठेवून पाहा, 1 <= 0 होतं आणि तेवढीच जोडी बाहेर पडते. r = s लिहिलं की शीतगृह एकटं घेण्याची वाटही बंद होते, जी कुणी बंद करायला सांगितलीच नव्हती.

आता हिशोब. खरी अट लावली तर सर्वोत्तम निवड शीतगृह, सोलर आणि ग्रेडिंग लाइन. खर्च ९५ लाख, मूल्य ४० लाख. बरोबरचं चिन्ह लावलं तर ही निवड बाद होते आणि रस युनिट अधिक शीतगृह हाती येतं. खर्च पूर्ण १०० लाख, मूल्य ३४ लाख. एका चिन्हापायी ६ लाख गेले, आणि हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सॉल्व्हर, काही तक्रार करत नाही, तो आपल्या परीनं बरोबर उत्तर देऊन मोकळा होतो. चिन्ह उलटं करून s <= r लिहिलं तर आणखी वाईट. रस युनिट आणि सोलर निवडले जातात, मूल्य ३५ दिसतं, पण शीतगृहच नाही. म्हणजे जी गोष्ट टाळायची होती तीच निवडली गेली.

ही काही माझी नवी युक्ती नव्हे. मार्टिन वाइनगार्टनर यांनी भांडवली अंदाजपत्रकावर १९६३ साली ग्रंथ लिहिला, त्यात दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या प्रकल्पासाठी हीच मांडणी आहे: अवलंबून असलेल्याचा चल ज्यावर तो अवलंबून आहे त्याच्या चलाहून मोठा होता कामा नये.

मेसेजला एवढं मात्र द्यावं लागेल की दोन प्रकल्प खरोखरच ‘दोन्ही किंवा एकही नाही’ असे असतील, तर r = s बरोबर आहे. पण मग ते दोन प्रकल्प नाहीतच. खर्च आणि मूल्य एकत्र करून एकच प्रकल्प धरा.

गुणाकाराचं म्हणणं तर चटकन निकालात निघतं. शीतगृह आणि ग्रेडिंग लाइन (चल g) दोन्ही आली तर विजेचा भार वाढतो आणि नवा ट्रान्सफॉर्मर (चल t) लागतो, असं समजा:

```
t >= s + g - 1
```

दोन्ही १ असतील तर उजवीकडे १ येतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो. एकच असेल तर ० आणि एकही नसेल तर -१, तेव्हा t वर काहीच सक्ती नाही. गुणाकार कुठेच नाही. अट ‘दोन्हींपैकी कुठलंही एक आलं तरी ट्रान्सफॉर्मर हवा’ अशी असेल, तर t >= s आणि t >= g या दोन ओळी लिहायच्या.

भाचीला मी एवढंच करायला सांगितलं: अट लिहिली की शून्य-एकच्या सगळ्या जोड्या कागदावर मांडायच्या, प्रत्येकीपुढे ‘चालेल’ किंवा ‘नको’ लिहायचं, आणि मगच आपली असमानता त्याच जोड्या बाहेर काढते का ते तपासायचं. तिनं r = s ची चार जोड्यांची यादी केली आणि ‘शीतगृह एकटं’ या ओळीवर येऊन थांबली.