बाल्कनीचा कठडा फरशीपासून मोजू नका

मागच्या महिन्यात भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. आठव्या मजल्यावरचं घर, बाल्कनीतून टेकडी दिसते, सगळे कौतुक करत होते. मी साइटवर आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे जेवण व्हायच्या आधीच खिशातला टेप बाहेर निघाला. (बायको म्हणाली, "झालं सुरू." तिचंही बरोबर आहे.)

बिल्डरने कठडा 105 सेंटिमीटर उंच दिला होता. नियमाच्या दृष्टीने ठीकच. आपल्याकडे बाल्कनीचा कठडा तयार फरशीपासून किमान एक मीटर किंवा त्याहून थोडा जास्त हवा असं धरतात. पण या 105 मध्ये खालचे 30 सेंटिमीटर विटांचा कट्टा होता, वर वीतभर रुंद ग्रॅनाइट, आणि त्याच्यावर 75 सेंटिमीटरचं स्टीलचं रेलिंग. शिवाय ते रेलिंग आडव्या पाइपांचं. हल्ली सगळीकडे दिसतं तेच, चकचकीत.

भाचीचा मुलगा अडीच वर्षांचा, उंची साधारण 90 सेंटिमीटर. माझ्यासमोरच तो त्या ग्रॅनाइटवर चढून उभा राहिला. सोफ्यावर चढणाऱ्या पोराला फूटभर कट्टा म्हणजे काहीच नाही. आता त्याच्यासाठी कठडा 105 चा राहिला नाही, 75 चा झाला. आडव्या पाइपा दर 15 सेंटिमीटरवर होत्या. एका पाइपेवर पाय ठेवला की वर उरतात 60. दुसरीवर ठेवला की 45. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे त्यांचा तोल कमरेपेक्षा वर असतो. 90 सेंटिमीटरच्या मुलाचा तोल पायापासून साधारण 50 सेंटिमीटरवर धरा. म्हणजे दुसऱ्या पाइपेवर उभं राहून तो खाली वाकला, तर वरचा दांडा त्याला अडवणार नाही. तो दांडा नुसती टेकू होईल आणि पोर त्यावरून पलीकडे जाईल.

म्हणून कठड्याची उंची फरशीपासून मोजू नका. मूल जिथे उभं राहू शकतं तिथून मोजा. कट्टा, एसीचं बाहेरचं युनिट, वॉशिंग मशीन, उलटी ठेवलेली बादली, सगळ्यांवरून टेप लावा. नंतर बाल्कनीत लाकडी डेक टाइल्स टाकल्या असतील, तर तेवढी उंचीही वजा करा.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ऑस्ट्रेलियात जमीन चार मीटरपेक्षा खाली असेल, तर कठड्याच्या 150 ते 760 मिलिमीटरच्या पट्ट्यात पाय ठेवून चढता येईल असं काही ठेवता येत नाही. इंग्लंडच्या नियमांत पाच वर्षांखालची मुलं असतील तिथे कठडा सहज चढता येऊ नये असं म्हटलं आहे. आणि आपण पैसे मोजून शिडी बसवून घेतो!

आता फटीबद्दल. इंग्लंड-अमेरिकेत कसोटी अशी, की 100 मिलिमीटर, म्हणजे चार इंच व्यासाचा गोळा कठड्यातून आरपार जाता कामा नये. अमेरिकेत पूर्वी सहा इंच चालत, नंतर ते चारावर आणलं, कारण सहा इंचांतून लहान मूल अख्खं निसटू शकतं. आणखी वाईट प्रकार म्हणजे पाय आधी बाहेर जातात, धड सरकतं आणि डोकं अडकतं.

आपल्याकडे गोंधळ होतो तो भाषेत. भाचीने फॅब्रिकेटर बोलावला. त्याला म्हटलं, उभे गज लाव. तो म्हणाला, "साहेब, सहा इंच सेंटर टू सेंटर, सगळीकडे तसंच करतो." सेंटर टू सेंटर म्हणजे गजाच्या मध्यापासून पुढच्या गजाच्या मध्यापर्यंत. मुलाला त्याच्याशी काय करायचंय? त्याला मोकळी फट कळते. आम्ही कागदावरच हिशेब मांडला. बाल्कनी आठ फूट, म्हणजे 2440 मिलिमीटर. गज पाच सुती चौकोनी, 16 मिलिमीटरचा. सहा इंची हिशेबाने 15 गज बसतात आणि मोकळी फट राहते 137 मिलिमीटर. 21 गज लावले तर फट 95 वर येते. फरक सहा गजांचा. मीटरभर गजाचं वजन दोन किलो, एक गज 110 सेंटिमीटरचा, म्हणजे जास्तीचं लोखंड 13 किलो. किलोवर भाव लावणाऱ्या माणसाशी किलोतच बोललं की वाद लवकर मिटतो.

तपासायला गोळा कुठून आणायचा? हार्डवेअरच्या दुकानात ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपचा 110 मिलिमीटरचा तुकडा मागा. तो गजांमधून गेला तर फट नक्कीच जास्त आहे. नाही गेला तरी टेप लावाच, कारण हवेत 100 च्या आत. आणि मोजताना गज हाताने दाबून पाहा, बारीक गज वाकतात आणि फट वाढते.

आम्ही जुनं रेलिंग काढलं नाही. बाहेरून इमारतीचं रूप बदललं की सोसायटीची कमिटी येणार. आतल्या बाजूला, कट्ट्याच्या अलीकडे, फरशीपासून 120 सेंटिमीटरचं उभ्या गजांचं नवं रेलिंग घेतलं. कट्टा आता रेलिंगच्या पलीकडे गेला, त्यावर चढायचा प्रश्नच संपला. फरशी आणि खालची पट्टी यांत पाच सेंटिमीटरच ठेवले. फरशीत मात्र भोकं पाडू दिली नाहीत, खाली वॉटरप्रूफिंग असतं. दोन्ही टोकं बाजूच्या काँक्रीटच्या कॉलममध्ये अँकर फास्टनरने धरली आणि मधे दोन ठिकाणी जुन्या रेलिंगच्या खांबांना ब्रॅकेटने जोडलं. बसवल्यावर मी स्वतः त्याला खांदा लावून ढकललं. हललं असतं तर पैसे दिले नसते.

कबुतरांच्या जाळीवर भरवसा ठेवू नका. ती नायलॉनची असते, उन्हाने कुजते, आणि तिचे हुक कबुतर अडवायला असतात. पूर्ण ग्रिल मारणार असाल तर एक खिडकी उघडणारी ठेवा आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. आग लागली की पिंजऱ्यात अडकायला होतं.

रो-हाउसवाल्यांसाठी जिन्याचंही. दहा इंची पायरीवर दोन गज दिले तर मोकळी फट साधारण 110 मिलिमीटर राहते. अमेरिकेत जिन्याला एवढी सवलत आहे. घरात रांगतं मूल असेल तर मी तीन लावायला सांगेन. तिरकी खालची पट्टी असेल तर ती, पायरी आणि तिची उभी बाजू यांत त्रिकोणी भोक राहतं. तिकडे कोणी बघतच नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. तुळस. भाचीच्या सासूबाईंनी ती पूर्वेकडे, अगदी रेलिंगला टेकून ठेवली होती, दीड फूट उंच वृंदावनासकट. 120 मधून दीड फूट वजा केला की पुन्हा 75. भाची म्हणाली, "मामा, हे तू सांग, मी नाही सांगणार." मी सांगितलं. सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला, टेप माझ्या हातातून घेतला, नातवाची उंची मोजली आणि तुळस दाराशेजारच्या भिंतीला लावली. ऊन तिथे तीनच तास येतं. बघू, जगते का.