‘शिक्षा जास्त वाटली’ एवढ्यानं कोर्ट हात घालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

> “लेख व्यवस्थापनाच्या वकिलानं लिहिल्यासारखा वाटला. रणजित ठाकूर खटल्यात जेवायला नकार दिला म्हणून काढलेल्या जवानाला सुप्रीम कोर्टानं परत घेतलं. म्हणजे शिक्षा जास्त वाटली की कोर्ट ती बदलतं. कलम ११-अ तर तुम्ही विसरलातच. आधी अभ्यास करा, मग लिहा.”

नमस्कार. नोकरीतली शिक्षा कोर्ट कधी बदलतं यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण लगेच लिहिलं असतं तर नको ते लिहून गेलो असतो. मी एकवीस वर्षं खातेनिहाय चौकशांमध्ये बचाव प्रतिनिधी म्हणून बसलोय, कायम कामगाराच्या बाजूला. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, पण माणूस कोणाचा आहे हे परस्पर ठरवू नका.

११-अ, म्हणजे औद्योगिक विवाद कायद्यातलं कामगाराच्या बडतर्फीबद्दलचं कलम, मी एका ओळीत उरकलं, ही चूक मान्य. आता ठाकूरबद्दल.

तो निकाल तुम्ही पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही. ठाकूर सैन्यात सिग्नलमन होता. एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून छळ होतो अशी तक्रार त्यानं थेट वरच्यांकडे पाठवली, त्याबद्दल त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असतानाच ‘जेव’ हा हुकूम त्यानं मोडला. समरी कोर्ट मार्शल, म्हणजे सैन्यातला झटपट खटला, झाला. एक वर्ष कैद आणि बडतर्फी. आणि खटला चालवायला कोण बसलं होतं? ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी! शिवाय ‘या अधिकाऱ्यापुढे खटला चालवायला तुझी हरकत आहे का’ हे आरोपीला विचारावं लागतं, आर्मी अ‍ॅक्टचं कलम १३० तेच सांगतं. ते विचारलंच गेलं नव्हतं.

१९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं कारवाई रद्द केली ती आधी याच दोन कारणांवर. शिक्षा अपराधाच्या मानानं डोळ्यांत भरण्याइतकी अवाजवी आहे, हेही कोर्टानं स्पष्ट म्हटलं. पण ‘वाटली’ आणि ‘डोळ्यांत भरली’ यातलं अंतर तुम्ही एका वाक्यात पुसून टाकलंत, आणि माझा लेख नेमका त्याच अंतराबद्दल होता.

ते अंतर १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी निकालात नीट आखलेलं आहे. शिक्षा ठरवणं हे शिस्तभंग अधिकाऱ्याचं काम. न्यायाधीशाला स्वतःला वेतनवाढ रोखणं पुरेसं वाटलं असतं, म्हणून बडतर्फी रद्द होत नाही. शिक्षेनं न्यायबुद्धीला धक्का बसला, तरीही उच्च न्यायालय साधारणपणे प्रकरण त्याच अधिकाऱ्याकडे फेरविचाराला पाठवतं. कोर्टानं स्वतः शिक्षा ठरवायची ती क्वचित, खटला आणखी लांबू नये म्हणून, आणि तीही कारणं नोंदवून.

११-अ ची वाट निराळी होती; तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. तिथं कामगार न्यायालय शिक्षा बदलू शकत होतं, आणि त्याचा हात उच्च न्यायालयापेक्षा बराच मोकळा होता. पण ती दयेची तरतूद नव्हती. कर्नाटक परिवहनच्या एका वाहकाकडे हिशेबाबाहेरचे ९३ रुपये सापडले होते. सुप्रीम कोर्टानं बडतर्फी कायम ठेवली. रक्कम किती हा प्रश्न नाही, विश्वास गेला, असं कोर्ट म्हणालं. मला तो निकाल जड गेला. पण ‘एवढ्याशा पैशांसाठी?’ असा युक्तिवाद घेऊन उभं राहणाऱ्या कामगाराला ‘नक्की जिंकशील’ सांगणं म्हणजे त्याला फसवणं.

मग काय चालतं? मी लढलेलं एक प्रकरण सांगतो. तिसऱ्या पाळीत दोघं जण झोपलेले सापडले, एकाच वेळी, एकाच शेडमध्ये. एकाला चार दिवस निलंबन, माझ्या माणसाला बडतर्फी. सुपरवायझरनं उलटतपासणीत कबूल केलं की दोघंही सारखेच गाढ झोपेत होते. बडतर्फीच्या आदेशात ‘पूर्वीचा खराब रेकॉर्ड’ लिहिला होता, पण आरोपपत्रात किंवा कारणे दाखवा नोटिशीत त्याचा शब्द नव्हता. म्हणजे त्यावर बोलायची संधीच त्याला मिळाली नाही. दुसऱ्याच्या निलंबन आदेशाची घड्या पडून फाटायला आलेली झेरॉक्स त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. आम्ही तीच दाखल केली. कामगार न्यायालयानं त्याला कामावर घ्यायला लावलं, मागचा पगार मात्र दिला नाही.

त्या अर्जात ‘शिक्षा फार झाली हो’ असं आम्ही कुठंही म्हटलं नव्हतं. तोच गुन्हा, तीच रात्र, मग शिक्षा दोन कशा, आणि न दाखवलेला रेकॉर्ड आदेशात आला कुठून, हे दोनच प्रश्न होते.

तुमच्या बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही. तुमच्यावर किंवा ओळखीतल्या कोणावर कारवाई चालू असेल, आणि तुमच्या सुरावरून मला तसं वाटतंय, तर आधी त्याच आरोपावर इतरांना काय शिक्षा झाली ते आदेश गोळा करा. चौकशी संपल्यावर ते मिळणं कठीण होतं.