रेषांची जाडी, हॅच आणि मापे: साइटवरच्या ड्रॉइंगबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

"रेषांची जाडी आणि हॅच हा ऑफिसातला शृंगार आहे. ठेकेदार फक्त आकडे बघतो. म्हणून मापे भरपूर द्या. एखादे राहिलेच तर तो पट्टी लावून काढून घेईल."

इंदूरमध्ये घरांची कामे करणाऱ्या तरुण वास्तुविशारदांमध्ये हे मत फिरते आहे, म्हणून त्याचा एकेक भाग तपासणे आवश्यक वाटते. आपल्याकडे ड्रॉइंगवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात आणि गवंडी हिंदीत बोलतो. त्यामुळे साइटवर त्याच्याशी खरे बोलतात ते रेषा आणि आकडेच.

जाडीचा प्रश्न आधी घेऊ. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण एक-सव्वा मीटर उंचीवर घर आडवे कापून वरून पाहिलेले दृश्य. जे कापले गेले ते जाड रेषेत, जे त्या पातळीखाली दिसते ते मध्यम रेषेत, आणि मापरेषा व हॅच बारीक रेषेत, हा संकेत त्यातूनच आला आहे. समजा, रामबागेतल्या एका घराच्या बाथरूममध्ये कमोडमागे फ्लश टँक लपवण्यासाठी ११५ मिमी जाडीची आणि १ मीटर उंचीची बुटकी भिंत आहे, आणि तिच्या वर व्हेंटिलेटर आहे. ही भिंत छेदपातळीच्या खाली राहते, म्हणून तिची कड ०.३५ मिमी रेषेत आणि बिनहॅचची हवी. शेजारची पूर्ण भिंत ०.५ मिमी रेषेत आणि हॅचसह हवी. दोन्ही ०.२५ मिमीने काढल्या, तर प्लॅनमध्ये दोन सारख्याच समांतर रेषा उरतात. गवंडी ती भिंत स्लॅबपर्यंत चढवतो आणि व्हेंटिलेटर बंद होतो. ११५ हा आकडा त्याने अचूक वाचलेला असतो, पण भिंतीची उंची प्लॅनमधल्या आकड्यात नसते. ती तिथे फक्त रेषेच्या जाडीतून कळते.

त्यात भर पडते छपाईची. ऑफिसात ड्रॉइंग ए-१ कागदासाठी, १:५० प्रमाणात तयार होते. ठेकेदार मात्र मोबाइलवर आलेली पीडीएफ कोपऱ्यावरच्या दुकानातून ए-३ वर छापून घेतो. सगळे निम्मे होते. ०.५ ची रेषा ०.२५ होते, ०.१८ ची ०.०९ होऊन झेरॉक्समध्ये विरते, आणि २.५ मिमी उंचीचा आकडा सव्वा मिमीचा होतो. म्हणून मापांची अक्षरे मुळातच ३.५ मिमीची ठेवावीत.

हॅचचेही तसेच आहे. ११५ची भिंत ए-३ वर जेमतेम १.१५ मिमी रुंद दिसते. तिच्यात अर्ध्या मिलिमीटरवर तिरक्या रेषा भरल्या की पट्टा काळा होतो आणि आरसीसी कॉलमसारखा दिसू लागतो. विटांसाठी ४५ अंशांच्या विरळ रेषा, कॉलमसाठी भरीव काळा आणि पाडायच्या भिंतीसाठी तुटक कड हे तीन प्रकार पुरेसे आहेत, मात्र त्यांची सूची प्रत्येक शीटवर हवी. जुन्या घराच्या दुरुस्तीत ठेवायची आणि पाडायची भिंत एकाच हॅचमध्ये असणे मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण चुकून पाडलेली भिंत वरच्या स्लॅबचा भार घेत असू शकते.

आता मापे. भरपूर दिल्याने ड्रॉइंग सुरक्षित होत नाही. त्याच घराची एक साखळी पाहा: २३०, १५००, ११५, ३०००, २३०, एकूण ५०७५. बाथरूमचे १५०० हेच माप आतल्या बाजूलाही पुन्हा लिहिले आणि नंतर साखळीत ते १६०० केले, तर आतले बहुधा तसेच राहते. शिवाय एकूण माप ५१७५ करायचे राहिले, तर गवंडी १०० मिमी कोणत्या खोलीतून काढेल हे सांगता येत नाही. एक माप एकदाच लिहावे आणि साखळीची बेरीज एकूण मापाशी पडताळावी. १५०० हे वीट ते वीट आहे की तयार टाइल ते टाइल, हेही शीटवर लिहावे, कारण प्लास्टर, चिकटवणी आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूला सुमारे २८ मिमी जातात. विटांमधले १५०० असेल, तर हातात सुमारे १४४४च उरतात.

पट्टी लावण्याचा सल्ला तर सरळ मागे घ्यायला हवा. ए-३ वरचे निम्मे माप लगेच लक्षात येते. दुकानदाराने 'फिट' निवडून ९६ टक्क्यांवर छापलेले मात्र येत नाही. ३००० ची खोली तेव्हा २८८० मोजली जाते आणि हा आकडा कुणालाही खटकत नाही. 'लिहिलेलेच माप ग्राह्य, पट्टीने मोजू नये' ही ओळ शीर्षकपट्टीत असावी, आणि राहिलेले माप ठेकेदाराने फोन करून विचारल्यावर ते तोंडी न सांगता नव्या तारखेच्या सुधारित शीटवर लिहून पाठवावे.