एनडीएवर डोळे मिटून सही? तीन कलमं आधी वाचा

नव्या नोकरीत रुजू होताना एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, समोर आला की असा सल्ला बऱ्याचदा मिळतो: "एनडीए सगळीकडे सारखाच असतो. कंपनीची गुपितं बाहेर सांगायची नाहीत, एवढंच त्यात असतं. नोकरी सोडली की विषय संपला. वाचण्यात वेळ घालवू नका, सही करा आणि रुजू व्हा."

शीर्षक सारखं असतं, व्याख्या नाही. एखाद्या करारात ज्यावर 'गोपनीय' असं लिहिलंय तेवढीच माहिती गोपनीय धरतात. दुसऱ्यात 'नोकरीच्या काळात कोणत्याही स्वरूपात कळलेली किंवा तयार केलेली सर्व माहिती' असं असतं. या दुसऱ्या व्याख्येत तुम्ही कामावर शिकलेलं कौशल्यही ओढलं जाऊ शकतं. 'कर्मचाऱ्याचं सर्वसाधारण ज्ञान आणि कौशल्य यात येत नाही' हे वाक्य नसेल, तर ते घालायला सांगा.

प्रश्न फक्त कंपनीच्या गुपितांचा नसतो, तुमच्या स्वतःच्या कामाचाही असतो. समजा, एका विश्लेषकानं रुजू होण्याआधी घरी विक्रीचा अंदाज बांधणारं साधन लिहिलं आणि नव्या नोकरीत ते वापरलं. पुढे कंपनी म्हणाली, हे आमचं. अशा वेळी अपवादांचं कलम उपयोगी पडतं: आधीच सार्वजनिक असलेली, तुम्हाला पूर्वीपासून ठाऊक असलेली, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेली किंवा तुम्ही स्वतंत्रपणे तयार केलेली माहिती सहसा बंधनाबाहेर असते. पण तिथेच बऱ्याचदा 'लेखी नोंदींवरून सिद्ध करता आल्यास' अशी अट असते. म्हणजे पुरावा द्यायचा तुम्ही. म्हणून सही करण्याआधीच जुन्या कामाची यादी कराराला जोडा: नाव, ते काय करतं, कधी तयार झालं. तपशील नको, आणि आधीच्या कंपनीचं काही तर अजिबात नको. त्या कंपनीशी केलेल्या एनडीएचा भंग इथेच होईल. न्यायालयानं मागितलेली माहिती देणं आणि गैरप्रकाराची तक्रार करणं याला मोकळीक आहे का, तेही पाहा.

नोकरी सोडल्यावर विषय संपतो, हे तर बहुतेक करारांना लागू पडत नाही. मुदत किती वर्षांची, यापेक्षा ती कधीपासून मोजायची हे महत्त्वाचं. मार्च 2025 मध्ये एक दरपत्रक तुमच्या हाती आलं आणि डिसेंबर 2027 मध्ये तुम्ही बाहेर पडलात असं धरा. 'माहिती मिळाल्यापासून 3 वर्षं' असेल तर बंधन मार्च 2028 ला सुटतं. 'नोकरी संपल्यापासून 3 वर्षं' असेल तर डिसेंबर 2030 पर्यंत राहतं. खऱ्या व्यापारी गुपितांना, ती गुप्त आहेत तोवर, मुदत नसणं मला रास्त वाटतं. सरसकट सगळ्या माहितीवर कायमचं बंधन मात्र मान्य करू नका.

एचआरनं 'ते कलम आम्ही वापरत नाही' असं ई-मेलवर कळवलं तरी तेवढ्यावर थांबू नका. करारात 'हाच संपूर्ण करार' असं कलम असेल, तर बाहेरचं आश्वासन टिकेलच असं नाही. बदल करारातच करून घ्या, आणि दोघांच्या सह्यांची प्रत स्वतःकडे ठेवा.