अंगठा आजीचा, इंग्रजी वकिलाची

आज एक मृत्युपत्र वाचलं आणि डोकं फिरलं. चार पानं इंग्रजी, शेवटी आजीच्या डाव्या हाताचा अंगठा. खाली छापील ओळ : 'मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला, तो मला मान्य आहे.' ही ओळसुद्धा इंग्रजीतच! कोणी सांगितला, कुठल्या भाषेत सांगितला, काही पत्ता नाही.

अहो, मराठीत लिहायला कायद्याची आडकाठी कुठे आहे? भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मध्ये ठराविक शब्दांची सक्ती नाही, इच्छा कळली की झालं. पुढे प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेताना, इंग्रजी भाषांतर लागलं तर तेव्हा जोडता येतं. तरी इंग्रजीचा सोस.

कलम 63 प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. सही किंवा अंगठा त्यांच्यासमोर झालेला असावा, नाहीतर करणाऱ्याने त्यांच्याकडे तसं कबूल केलेलं असावं. मजकूर त्यांना ठाऊक असायलाच हवा असं नाही. गोची इथेच होते. उलटतपासणीत साक्षीदाराला विचारतात, 'वाचून दाखवताना तुम्ही होता का?' तो म्हणतो, 'मला सहीला बोलावलं.' अंगठा सिद्ध झाला, पण आजीला काय कळलं होतं ते अंधारातच राहिलं. आणि शंका दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते.

सही केली म्हणजे मजकूर माहीत होता असं सहसा धरतात, हे मान्य. पण भाषाच येत नसेल तर त्यावर कितीसं विसंबणार? नोंदणीचंही तेच. दुय्यम निबंधक दस्त करून दिल्याची कबुली घेतात, कलमं समजावत बसत नाहीत.

आणि नुसतं मराठीत लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. या आजीच्या कागदात तीन गट नंबर आहेत. तिला गट नंबर काय ठाऊक? तिच्या तोंडी विहिरीचा मळा, आंब्याचं शेत, वरची पट्टी. बिचारीने आयुष्यभर तीच नावं घेतली. मग गट नंबरापुढे लिहा ना, 'घरात ज्याला विहिरीचा मळा म्हणतात तो'. उद्या कोर्टात हेच शब्द तिच्या समजेची साक्ष देतील.

वाचणारा माणूस हिस्सा मिळणाऱ्यांपैकी नको. मुलालाच वाचायला बसवलं की संशय आलाच. वाचणाऱ्याचं नाव, तारीख आणि 'मराठीतून शब्दशः वाचून दाखवलं' हे त्याच्या सहीनिशी शेवटी येऊ द्या. त्यालाच साक्षीदार केलं तर उत्तम, कारण मग वाचन आणि अंगठा दोन्हींबद्दल एकच माणूस बोलू शकतो. दुसरा साक्षीदारही वाचन सुरू होण्याआधी येऊन बसलेला हवा.

आणि 'समजलं ना आजी?' असं विचारू नका, ती हो म्हणणारच. 'विहिरीचा मळा कुणाला दिलात? थोरल्याला कमी का?' असं विचारा आणि तिचं तिला बोलू द्या. तिने सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत कागदात घाला. व्हिडिओ काढलात तर तिचं हे उत्तर त्यात पूर्ण यायला हवं. नुसता अंगठा उठवतानाची दहा सेकंदं काढून ठेवू नका.