सोऱ्याखालचे चार इमोजी

प्रतिक्रिया: "तुमचा इमोजीवरचा लेख वाचला. सॉरी, पण अजिबात पटला नाही. 'दोनाच्या वर इमोजी गेले की भावना पातळ होते' हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी घरगुती फराळाचं पेज चालवते. इमोजी न टाकता लिहिलं तर मैत्रिणी विचारतात, रागावलीस का? परवा आईच्या सोऱ्याचा फोटो टाकला. लिहिलं होतं, 'आई गेल्यानंतरची पहिली दिवाळी. सोऱ्यावर तिचं नाव अजून तसंच आहे 😢💔🥺🙏'. लिहिताना खरोखर रडत होते मी. तेही पातळच का?"

ताई,

दोनाचा आकडा मी मागे घेतो. तो लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकाच जातीची कॅप्शनं होती आणि नियम मात्र सगळ्यांना लावून मोकळा झालो. तुमचं पेज उघडून बसलो तेव्हा ते लक्षात आलं. तुमच्या ऑर्डरच्या पोस्टमध्ये नुसत्या यादीतच सहा इमोजी आहेत आणि त्यातला एकही खटकत नाही. सोऱ्याच्या त्या दोन वाक्यांमागे चारच आहेत आणि चारही खटकतात. तुमच्या रडण्याबद्दल मला शंका नाही. ते रडू वाचणाऱ्यापर्यंत पोचतंय का, एवढंच मी बघतोय.

आधी 'रागावलीस का' बद्दल, कारण तो मुद्दा तुमचा अगदी बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर 'बरं.' असं कोणी लिहिलं की आपल्यालाही धस्स होतं. तिथे समोरच्याचा चेहरा नसतो, आवाज नसतो, मग इमोजी चेहऱ्याचं काम करतो. इमोजी आले तेच मुळी अशा अडचणीतून. १९९९ साली जपानच्या डोकोमो कंपनीच्या मोबाइलसेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ छोटी चित्रं केली, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांची. पडदा इवलासा, मजकूर तोकडा. त्या तोकड्या मजकुरात जे मावत नव्हतं, ते या चित्रांनी भरून काढायचं होतं.

पण कॅप्शन म्हणजे चॅट नव्हे. कॅप्शनच्या वर फोटो असतो, म्हणजे चेहरा आधीच हजर असतो. तुमच्या फोटोत तो सोऱ्या आहे: पितळी, एका बाजूला काळवंडलेला, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि त्या ठिपक्यांत बसलेलं भाजणीचं पीठ. मी फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ते पीठ दिसलं आणि पुढे सरकताच येईना. भांड्यावर नाव घालून घेणारी पिढी ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना याहून जास्त काही सांगावं लागत नाही. तुमची दोन वाक्यंही तशीच आहेत. त्यांत 'दुःख' नाही, 'आठवण' नाही, 'मिस यू' नाही. दुसरं वाक्य नुसतं नावाबद्दल बोलतं आणि 'अजून तसंच' पाशी थांबतं. तिथे वाचणारा स्वतःच्या आईकडे जाणार, इतक्यात 😢 येतो आणि सांगतो, 'इथे वाईट वाटून घ्या.'

आता हे चार एकेक करून काढून बघू. मी कोणतंही कॅप्शन असंच तपासतो: शेवटून एक इमोजी खोडायचा, पुन्हा वाचायचं आणि काय हरवलं ते बघायचं.

🙏 आधी काढा. आपल्याकडे हा नमस्कार, आभार, विनंती, श्रद्धांजली अशा सगळ्या कामांना जुंपलेला आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी आली की त्याच्या रांगा लागतात. म्हणजे तो तुमच्या खास सोऱ्याला 'भावपूर्ण श्रद्धांजली' च्या ठरावीक साच्यात बसवतो. तो गेल्यावर काही हरवलं? मला तरी नाही वाटलं.

मग 🥺. याचं इंग्रजी नावच 'प्लीडिंग फेस' आहे, विनवणी करणारा चेहरा. पोरं तो 'प्लीज ना' म्हणताना वापरतात, किंवा कुत्र्याच्या पिल्लाच्या फोटोखाली. तुमच्या वाक्यात तो लाडीगोडीचा सूर आणतो. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला कळतं, पण इमोजी वाचणाऱ्याच्या सवयीने वाचला जातो, लिहिणाऱ्याच्या हेतूने नाही. चौघांत सगळ्यात जास्त नुकसान याने केलंय.

💔 चा बहुतेक संसार प्रेमभंगात गेलेला आहे, त्यामुळे तो इथे पाहुण्यासारखा दिसतो. उरतो 😢. हा निदान खोटं बोलत नाही. पण वाक्याने जे न बोलता सांगितलं तेच तो मोठ्याने बोलतो. चौघे एका ओळीत आले की दिवाणखान्यात चार माणसं एकदम बोलायला लागल्यासारखं होतं. एक रडतोय, एक प्रेमभंग सांगतोय, एक काहीतरी मागतोय आणि एक हात जोडून निघायच्या बेतात आहे. भावना पातळ होते म्हणालो ते याच अर्थाने. शब्द चुकला असेल माझा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती डोळ्यांची आहे. तुमचा फोटो मंद आहे, स्वयंपाकघरातल्या संध्याकाळच्या उजेडातला. त्याच्याखाली भडक पिवळे दोन चेहरे आणि एक लाल बदाम आले की पडद्यावर सगळ्यात चमकदार तेच होतात. नजर पितळेवरून घसरून तिथे जाते.

जमलं तर एकदा फोनमधलं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करून स्वतःचं कॅप्शन ऐका. दृष्टी नसलेले वाचक ते तसंच ऐकतात. माझा फोन इंग्रजीत आहे. तुमचं वाक्य 'अजून तसंच आहे' पाशी संपलं आणि लगेच त्याच सपाट आवाजात 'क्रायिंग फेस, ब्रोकन हार्ट, प्लीडिंग फेस, फोल्डेड हँड्स'. शोकसभेत कोणीतरी किराण्याची यादी वाचावी तसं वाटलं.

म्हणून या फोटोला माझ्या मते शून्य. अगदीच मोकळं वाटत असेल तर एक 🪔, तोही वाक्याला चिकटून नको. मध्ये एक ओळ रिकामी सोडून खाली एकटा. पणती काय वाटून घ्यायचं ते सांगत नाही, ती फक्त दिवाळी आहे एवढंच सांगते. वाक्याच्या शेवटच्या शब्दाला लागून आलेला इमोजी पूर्णविरामाची जागा घेतो आणि वाचताना शेवटचा ठोका त्याचाच पडतो. तो ठोका 'तसंच आहे' चा असावा असं मला वाटतं.

आता तुमची ती पोस्ट, जिच्यापुढे माझा नियम आपटला. भाजणीची चकली, शंकरपाळे, करंजी, बेसनाचे लाडू, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चित्र आणि खाली 📦 आणि 📞. इथे इमोजी भावनेचं काम करतच नाहीत. दुकानातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो तसे ते आहेत. घाईत अंगठा सरकवणाऱ्या बाईला भाव कुठे आणि फोन कुठे ते पटकन सापडतं. असे सहा असोत की आठ, चालतात, फक्त प्रत्येक ओळीला एकच आणि नेहमी सुरुवातीला. त्याच पोस्टच्या शेवटी तुम्ही 😋😋😋🔥🔥 टाकलेत ते मात्र काढा. ते चिठ्ठीचं काम करत नाहीत आणि चवीबद्दलही काही सांगत नाहीत. 'तोंडात टाकली की विरघळते' हे तुम्ही वर लिहिलंच आहे.

(जाता जाता: चकलीसाठी तुम्ही 🥨 वापरता आणि करंजीसाठी 🥟. दुसरा इलाजही नाही, चकलीचा इमोजी अजून आलेला नाही. पण टॉकबॅकवाल्याला 'प्रेट्झेल' आणि 'डम्पलिंग' ऐकू येतं. शेजारी मराठी नाव लिहिलेलं असतं म्हणून निभावतं. नुसतं 🥟 ₹४५० असं कधी लिहू नका.)

आणि तुमच्याच पेजवर मला असा एक इमोजी सापडला जो काढला तर पोस्ट बिघडते. गेल्या महिन्यातली ती कडक चकल्यांची पोस्ट: 'पहिला घाणा फसला. मोहन कमी पडलं. घरच्यांची सोय झाली 😌'. मी 😌 काढून वाचलं. गिऱ्हाईक म्हणून वाचलं तर पोटात गोळा येतो, बाई वैतागल्यात की काय, माझ्या ऑर्डरचं काय होणार? त्या एका शांत चेहऱ्यामुळे कळतं की तुम्ही हसताय आणि दुसरा घाणा नीट निघालाय. शब्द एक सांगतात, सूर दुसरा आहे, आणि तो सूर फोटोतही नाही, कारण फोटोत नुसत्या चकल्या आहेत. मैत्रिणींचा 'रागावलीस का' हा प्रश्न अशाच जागी येतो. तिथे इमोजी हवाच, आणि तिथे एकच पुरतो. 😌😂🤣 केलं असतं तर तुम्ही स्वतःच्याच विनोदाला आधी हसून घेतल्यासारखं झालं असतं. आपल्याकडचा कोरडा विनोद त्याने लगेच मरतो. 'बेल एकदाच वाजवा, आम्ही म्हातारे आहोत, बहिरे नाही' अशी पाटी दारावर असते तिची गंमत पाटी लावणारा हसत नाही यातच असते. तिच्या फोटोखाली 😂 टाकणं म्हणजे जोक सांगून झाल्यावर कोपराने ढोसणं.

तुमच्या पेजवर एक अडचण मात्र खरी आहे आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. धंदा आणि घर एकाच ठिकाणी आहे. सोऱ्याच्या पोस्टमध्ये तुम्ही खाली 'ऑर्डर सुरू 📞' असंही लिहिलंय, आणि मला वाटतं ते चार इमोजी त्यामुळेच आले असावेत. वरचं दुःख आणि खालची जाहिरात यांच्यात काहीतरी भिंत हवी म्हणून. पण इमोजींची भिंत होत नाही. मी असतो तर ऑर्डरची ओळ कॅप्शनमधून उचलून पहिल्या कमेंटमध्ये टाकली असती आणि ती कमेंट पिन केली असती. ज्याला चकली हवी आहे तो तिथपर्यंत येतोच. ऑर्डरची ओळ कॅप्शनमध्येच ठेवायची असेल तर निदान खूप खाली ठेवा, म्हणजे फीडमध्ये 'more' च्या आधी फक्त आईची दोन वाक्यं दिसतील.

पोस्ट डिलीट करून पुन्हा टाकू नका. वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप करून 'Edit' निवडलं की कॅप्शन बदलता येतं, लाइक आणि कमेंट जागेवर राहतात. खाली तुमच्या मावशींनी लिहिलंय की हा सोऱ्या त्यांनीच आईला पहिल्या दिवाळीला दिला होता. ती कमेंट जाऊ देऊ नका.